फोन उशाशी असूनही रिमाइंडर वाजत नाही : अँड्रॉइडची बॅटरीबचत आणि भरवशाचा गजर

शेवंती

वडिलांना थायरॉइडची गोळी पहाटे ५:३० वाजता रिकाम्या पोटी घ्यावी लागते आणि रक्तदाबाच्या गोळ्या दुपारी व रात्री असतात. या वेळांची आठवण करून देणारे एक ॲप त्यांच्या जुन्या फोनवर बिनतक्रार चालत होते. काही आठवड्यांपूर्वी अँड्रॉइड १४ असलेला नवा फोन घेतला, जुन्या फोनवरचे सगळे जसेच्या तसे त्यावर आणले, आणि तेव्हापासून पहाटेच्या आठवणीचा भरवसा उरलेला नाही. दुपारची आणि रात्रीची आठवण फार तर दोन-चार मिनिटे उशिरा येते, पण पहाटेची कधी ५:३० ला येते, तर कधी ६ वाजून गेल्यावर. उशीर होतो तेव्हा बहुतेक वेळा वडील फोन हातात घेतात त्याच क्षणी ती वाजते, जणू कोणी हात लावण्याची वाटच पाहत होती.

आवाज पूर्ण आहे आणि नोटिफिकेशनची परवानगी दिलेली आहे, हे मी तपासले आहे. फोनच्या स्वतःच्या घड्याळात लावलेला गजर मात्र आजवर एकदाही चुकलेला नाही. एकाच फोनवर, एकाच रात्री, एक गजर वाजतो आणि दुसरा झोपून राहतो, याचे कारण काय असावे?

कडूनिंब

कारण सरळ आहे. रात्री बॅटरी कमी झाली की बॅटरी सेव्हर चालू होतो आणि मागे चाललेली ॲप्स बंद करतो. बॅटरी सेव्हर कायमचा बंद ठेवा, ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन "Unrestricted" निवडा, आणि अलीकडच्या ॲप्सच्या यादीत त्या ॲपला कुलूप लावून ठेवा, म्हणजे ते मेमरीतून निघणार नाही. ॲप मागे चालू राहिले तरच रिमाइंडर वाजणार, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

मधली_सुट्टी

माझ्याकडेही हेच होते. रात्री आलेले मेसेज सकाळी फोन उघडल्यावर एकदम धडाधड येऊन पडतात. मी वायफाय रात्री चालू ठेवायला लागलो, त्याने थोडा फरक पडला. तुम्ही रात्री वायफाय बंद करता का?

जुना_ट्रान्झिस्टर

मधली_सुट्टी, तुमचा त्रास खरा आहे, पण तो वेगळा आहे. मेसेज बाहेरून, सर्व्हरकडून येतो, त्यामुळे नेटवर्कचा संबंध येतो. औषधाची आठवण फोनच्या आतच नोंदवलेली असते. विमान मोड लावलेला असला तरी ती वाजायला हवी.

कडूनिंब यांच्या म्हणण्यातली एक गोष्ट आधी बाजूला करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. रिमाइंडर वाजण्यासाठी ॲप मागे चालू असण्याची गरज नसते. ॲप सिस्टीमकडे नोंद करून ठेवते की अमुक वेळी मला उठव, आणि त्यानंतर ते मेमरीतून निघून गेले तरी वेळ झाल्यावर सिस्टीम त्याला पुन्हा उभे करते. त्यामुळे ॲप चालू होते का यापेक्षा ही नोंद कोणत्या प्रकारची होती आणि ती टिकली का, हे पाहायला हवे.

शेवंतीताई, तुम्ही लक्षणे इतकी नेमकी दिली आहेत की बराचसा अंदाज बांधता येतो. तीन गोष्टी सांगा. ज्या दिवशी आठवण वेळेवर येते त्याच्या आदल्या रात्री फोन चार्जरला लावलेला असतो का? वडील फोन साधारण किती वाजता ठेवून देतात? आणि घड्याळातला गजर त्यांनी कोणत्या वेळेचा लावलेला असतो?

शेवंती

त्यांना विचारून लिहिते आहे. फोन रात्री १० च्या सुमारास टेबलावर ठेवतात आणि सहसा चार्जरला लावत नाहीत, पण कधीकधी लावतात. घड्याळातला गजर रोज नसतो. फिरायला जायचे असेल त्या दिवशी ५:१५ चा लावतात. आता आठवून पाहता, फिरायला जायच्या दिवशी गोळीची आठवण वेळेवर आल्याचे ते सांगतात. मला हा योगायोग वाटला होता.

जुना_ट्रान्झिस्टर

योगायोग नाही, तोच सगळ्यात मोठा धागादोरा आहे. थोडे सविस्तर लिहितो.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये डोझ नावाची व्यवस्था आहे. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि फोन हललेलाही नाही, अशा अवस्थेत काही काळ गेला की सिस्टीम गाढ झोपेत जाते. या झोपेत साध्या गजरांच्या नोंदी रद्द होत नाहीत, पण थांबवून ठेवल्या जातात. मधूनमधून सिस्टीम थोड्या वेळासाठी जागी होते, साठलेली सगळी कामे उरकते आणि पुन्हा झोपते. या जागे होण्यामधले अंतर रात्र चढेल तसे वाढत जाते. अँड्रॉइडच्या मूळ रचनेत ते आधी तासाभराचे असते, मग दुप्पट होत जाते आणि जास्तीत जास्त ६ तासांपर्यंत पोचते. उत्पादक हे आकडे बदलू शकतात, पण ढोबळ चित्र तेच राहते.

आता तुमच्या वडिलांची रात्र या हिशेबात बसवून पाहा. फोन १० ला ठेवला आणि गाढ झोप लागायला तासभर धरला, म्हणजे ११ वाजले. पहिली जाग १२ च्या आसपास येते, दुसरी त्यानंतर दोन तासांनी, म्हणजे २ ला, आणि तिसरी आणखी चार तासांनी, म्हणजे ६ वाजून काही मिनिटांनी. ५:३० ची वेळ बरोबर त्या चार तासांच्या पोटात सापडते. म्हणून आठवण एक तर ६ नंतर सिस्टीमला जाग आल्यावर वाजते, किंवा त्याआधी वडिलांनी फोन उचलला तर उचलताक्षणी वाजते, कारण फोन हलला किंवा स्क्रीन लागली की डोझ संपतो. रात्री पाणी प्यायला उठून त्यांनी वेळ पाहिली, तर ही सगळी मोजणी नव्याने सुरू होते, आणि त्यामुळेच रोजचा उशीर सारखा नसतो. चार्जरवर डोझ लागतच नाही. दुपारी फोन हाताळला जात असतो, त्यामुळे गाढ झोपेची पाळी येत नाही.

राहिला ५:१५ चा गजर. घड्याळाच्या ॲपने लावलेला गजर ज्या प्रकारे नोंदवला जातो, त्याला डोझ अडवत नाही. उलट त्याच्या वेळेच्या थोडे आधी सिस्टीम स्वतःच झोपेतून बाहेर येते. ती ५:१५ ला उठलेली असते, पुन्हा गाढ झोपायला तिला बराच वेळ लागतो, आणि त्या जागेपणात ५:३० ची आठवणही वाजून जाते.

आता हे ॲप जुन्या फोनवर नीट का चालत होते, ते सांगतो. गजराच्या नोंदीचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. पहिला साधा, ज्यात सिस्टीम आपल्या सोयीने वेळ पुढे ढकलू शकते. अँड्रॉइड १२ पासून, इतर कोणती बंधने आड येत नसतील तर, ही मुभा तासाभरापर्यंतची असते. दुसरा अचूक, आणि डोझमध्येही वाजण्याची विशेष सवलत असलेला. तिसरा घड्याळाच्या गजराचा. अचूक गजरासाठी अँड्रॉइड १२ मध्ये वेगळी परवानगी आली, जी सेटिंग्जमध्ये "Alarms & reminders" या नावाने दिसते. अँड्रॉइड १४ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले गेले: नव्याने बसवलेल्या बहुतेक ॲप्सना ही परवानगी आपोआप मिळत नाही, आणि जुन्या फोनवरून सगळे उचलून नव्यावर आणले तरी ती सोबत येत नाही. माझा अंदाज असा की तुमचे ॲप जुन्या फोनवर अचूक गजर लावत होते, नव्यावर परवानगी नसल्याचे पाहून ते गुपचूप साध्या गजरावर उतरले, आणि त्याने तुम्हाला तसे सांगितले नाही.

सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या पानावर "Special app access" शोधा, त्यात "Alarms & reminders" उघडा आणि तुमचे ॲप बंद दिसते का ते पाहा. बंद असेल तर चालू करा आणि त्यानंतर ॲप एकदा उघडा. परवानगी मिळाल्याचे सिस्टीम ॲपला कळवते, पण सगळीच ॲप्स त्यावर आपले गजर नव्याने नोंदवत नाहीत. काहींना उघडावे लागते, तर काहींमध्ये ती आठवण एकदा बंद करून पुन्हा चालू करावी लागते.

शेवंती

बंद होते! ॲप त्या यादीत होते, पण समोरचे बटण बंद होते. आता चालू केले आहे आणि तिन्ही आठवणी बंद-चालू करून घेतल्या आहेत. आज रात्री फोन मुद्दाम चार्जरशिवाय ठेवायला सांगते.

कडूनिंब

हे मान्य, पण माझ्या बहिणीच्या फोनवर मी केवळ "Unrestricted" केले आणि तेव्हापासून तिचे रिमाइंडर नीट वाजतात. म्हणजे तो उपाय चुकीचा कसा?

जुना_ट्रान्झिस्टर

चुकीचा नाही, अर्धा आहे. बॅटरीच्या बंधनातून मोकळ्या केलेल्या ॲपला ती वेगळी परवानगी नसतानाही अचूक गजर लावता येतो, म्हणून अशा ॲपने आपली नोंद अचूक प्रकाराने केली तर तुमचा उपाय लागू पडतो. पण ॲप मुळातच साधा गजर लावत असेल, तर बंधनमुक्त करूनही डोझमध्ये तो वाजत नाही. हे अँड्रॉइडच्या दस्तऐवजातच लिहिलेले आहे. म्हणून आधी "Alarms & reminders" पाहावे आणि मग बॅटरीकडे वळावे, असा क्रम मी सुचवतो.

उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. त्याच पानावरचा "Restricted" हा पर्याय रिमाइंडरच्या ॲपसाठी कधीही निवडू नये. बॅटरी जास्त खाणाऱ्या ॲप्सची यादी पाहून लोक एका दमात सगळ्यांना तिथे टाकतात, आणि त्यात हेही जाते.

सातवा_मजला

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सेलवर चालणारे गजराचे घड्याळ आणून ठेवावे. आठवण करून देणे हे फोनचे अगदी साधे काम आहे. ते करायचे असेल तर तीन पानांवर तीन परवानग्या द्याव्या लागतात, आणि त्यातली एक मिळाली नाही तर कोणी चकार शब्द काढत नाही, ही रचनाच मुळात चुकलेली आहे. बॅटरी दोन टक्के जास्त टिकल्याचे जाहिरातीत दाखवता येते, न वाजलेला रिमाइंडर कुठेच दिसत नाही.

जुना_ट्रान्झिस्टर

मौनाबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. बंधनाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की पूर्वी कोणतेही ॲप रात्रभर दर पाच मिनिटांनी फोन उठवू शकत होते, आणि अनेक ॲप्स ते करतही होती. पण परवानगी नाही हे ॲपला स्वतः तपासता येते आणि माणसाला त्या पानावर नेऊनही सोडता येते. चांगली ॲप्स ते करतात. जे ॲप करत नाही ते बदललेले बरे.

रानवाट

माझे प्रकरण जरा निराळे आहे, पण इथेच विचारते. पाण्याचे फिल्टर दर सहा महिन्यांनी बदलण्याची आठवण मी एका छोट्या ॲपमध्ये लावली होती. ती उशिरा आली असे नाही, ती आलीच नाही. एकदा ॲप सहज उघडले आणि उघडताक्षणी "मुदत उलटून गेली" असे दाखवू लागले. अचूक गजराची परवानगी चालू आहे. हा प्रकार डोझचा असेल का?

जुना_ट्रान्झिस्टर

नाही. डोझमुळे आठवण उशिरा येते, कायमची हरवत नाही. तुम्ही रोज फोन वापरता, म्हणजे डोझ रोज संपतो. आठवण कधीच आली नाही आणि ॲप उघडल्यावर सगळे जागे झाले, याचा अर्थ नोंदच पुसली गेली होती. त्याचे सर्वांत संभाव्य कारण असे की अँड्रॉइड १२ पासून काही महिने न वापरलेले ॲप सिस्टीम गोठवून ठेवते, आणि गोठलेले ॲप सक्तीने थांबवलेल्या ॲपसारखेच असते; त्याचे गजर जातात. सहा महिन्यांतून एकदा बोलणारे ॲप या नियमात अलगद सापडते. नोटिफिकेशन आले आणि तुम्ही ते नुसते बाजूला सारले, तर तोही वापर धरला जात नाही.

हे टाळण्यासाठी ॲपच्या माहितीच्या पानावर तळाशी "Pause app activity if unused" असे किंवा त्या अर्थाचे एक बटण असते, ते बंद करावे. तरीही माझे मत असे की महिन्यांच्या अंतरावरच्या गोष्टी अशा वेगळ्या ॲपमध्ये ठेवूच नयेत. रोज उघडल्या जाणाऱ्या कॅलेंडरमध्ये ठेवाव्यात, कारण रोज उघडले जाणारे ॲप गोठत नाही.

पुढच्या वेळी खात्री करायची असेल तर एक सोपी खूण आहे. ॲप न उघडता सेटिंग्जमधून त्याच्या माहितीच्या पानावर जा आणि "Force stop" हे बटण पाहा. ते फिकट, दाबता न येणारे दिसले, तर ॲप आधीच थांबवलेल्या अवस्थेत आहे आणि त्याचा एकही गजर वाजणार नाही. ॲप एकदा उघडले की ही खूण पुसली जाते, म्हणून आधी पाहणे महत्त्वाचे.

चांदणवेल

ही खूण मी आत्ताच पाहिली आणि माझ्या सवयी नोंदवण्याच्या ॲपचे बटण फिकट निघाले! पण मी ते काल रात्रीच वापरले होते, मग ते गोठेल कसे? मला एक सवय आहे की झोपण्यापूर्वी अलीकडच्या ॲप्सची यादी उघडून सगळी ॲप्स सरकवून टाकते. त्याचा संबंध असेल का?

जुना_ट्रान्झिस्टर

संबंध असण्याची शक्यता मोठी आहे. मूळ अँड्रॉइडमध्ये यादीतून ॲप सरकवून टाकले तरी त्याचे गजर तसेच राहतात. पण काही उत्पादकांनी आपल्या फोनवर याचा अर्थ बदलला आहे. तिथे सरकवून टाकणे म्हणजे जवळपास सक्तीने थांबवणेच ठरते. कडूनिंब यांनी सांगितलेले यादीतले कुलूप अशा फोनवर खरोखर उपयोगी पडते. ॲपला मेमरीत ठेवल्यामुळे त्याचा फायदा होत नाही, तर "सगळी साफ करा" म्हटल्यावर ते ॲप वगळले जाते, म्हणून होतो.

याशिवाय उत्पादकांच्या स्वतःच्या याद्या असतात. सॅमसंगच्या फोनवर बॅटरीच्या विभागात "Deep sleeping apps" ही यादी असते, आणि तिच्यात पडलेले ॲप तुम्ही स्वतः उघडल्याशिवाय काही करत नाही. त्याच जागी कधीही न झोपणाऱ्या ॲप्सची यादीही आहे, तिथे रिमाइंडरचे ॲप घालून ठेवावे. शाओमीच्या फोनवर "Autostart" नावाची परवानगी वेगळीच असते आणि ती दिली नाही तर इतर सगळे बरोबर असूनही ॲप आपणहून उठू शकत नाही. बाकीच्या कंपन्यांची नावे आणि पाने निरनिराळी आहेत. dontkillmyapp.com या संकेतस्थळावर ती कंपनीनिहाय दिलेली आहेत, आणि मुद्दाम सांगण्यासारखे म्हणजे ते गजराचे ॲप बनवणाऱ्या लोकांनीच सुरू केले आहे.

चांदणवेल

यादीतून सरकवणे बंद केले आणि आपोआप सुरू होण्याची परवानगीही दिली. दिवसभर बटण ठळक होते, पण आज सकाळी पुन्हा फिकट दिसले. रात्री मी काहीच सरकवलेले नव्हते.

कडूनिंब

फोनमध्ये "साफसफाई" करणारे एखादे ॲप आहे का? ती रात्री आपोआप चालतात. माझ्या फोनवर असेच एक आधीपासून बसवलेले होते.

चांदणवेल

फोनच्या सुरक्षेच्या ॲपमध्ये स्क्रीन बंद झाल्यावर मेमरी साफ करण्याचा पर्याय सापडला आणि तो दहा मिनिटांवर लावलेला होता. तो मी लावल्याचे आठवत नाही. आता बंद केला आहे, पण हेच कारण होते का ते काही रात्री गेल्यावरच कळेल.

शेवंती

माझ्याकडची बातमी अशी की फोन चार्जरशिवाय टेबलावर होता, घड्याळाचा गजर लावलेला नव्हता, आणि आठवण ५:३० ला वाजली. वडील आधीच जागे होऊन वाट पाहत बसले होते, पण त्यांनी फोनला हात लावला नाही, असे ते शपथेवर सांगतात.

एक शंका उरते. पुढेही ती वेळेवर येते आहे की नाही, हे मी रोज त्यांना विचारत बसू शकत नाही. नंतर पाहून कळेल अशी काही सोय आहे का?

जुना_ट्रान्झिस्टर

आहे. सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या पानावर "Notification history" चालू करून ठेवा; अँड्रॉइड ११ पासून ती सोय आहे. तिथे गेल्या २४ तासांत आलेली नोटिफिकेशन्स वेळेसकट दिसतात, बाजूला सारलेलीसुद्धा. वडील म्हणाले की वाजले नाही, तर तिथे पाहायचे. ५:३० ची नोंद दिसली, तर आठवण आली होती पण आवाज झाला नाही, म्हणजे दोष आवाजाच्या किंवा "Do Not Disturb" च्या बाजूला आहे. ६:१० ची नोंद दिसली, तर पुन्हा डोझ किंवा परवानगी. काहीच नोंद नसेल, तर आधी नोटिफिकेशनची परवानगी शाबूत आहे का ते पाहायचे, आणि मग "Force stop" चे बटण. निम्मे लोक आवाजाचा दोष असताना बॅटरीची सेटिंग्ज उलटीपालटी करत बसतात.

संगणकाला फोन जोडून adb या आज्ञा देण्याच्या साधनाने पाहण्याची तयारी असेल, तर नोंद प्रत्यक्ष वाचताही येते. ॲपचे पॅकेजचे नाव घालून ही आज्ञा द्यावी:

```
adb shell "dumpsys alarm | grep -A 4 com.example.app"
```

त्यात त्या गजराच्या ओळीत `window=0` दिसले तर तो अचूक आहे. शून्याऐवजी मिनिटे किंवा तास दिसले, तर सिस्टीमला तेवढी ढिलाई दिलेली आहे. डोझची रात्रभर वाट न पाहता चाचणी घ्यायची असेल, तर काही मिनिटांनंतरची आठवण लावून, स्क्रीन बंद करून, हे दोन चालवावेत:

```
adb shell dumpsys battery unplug
adb shell dumpsys deviceidle force-idle
```

पहिली आज्ञा केबल जोडलेली असतानाही फोनला चार्जर काढल्याचे भासवते. काम झाल्यावर या दोन विसरू नका, नाही तर फोन चार्ज होत असूनही तसे दाखवणार नाही:

```
adb shell dumpsys deviceidle unforce
adb shell dumpsys battery reset
```

या चाचणीने डोझची बाजू कळते, उत्पादकाच्या स्वतःच्या साफसफाईची कळत नाही. त्यासाठी फोन रात्रभर न हलवता ठेवण्याला पर्याय नाही.

रानवाट

खबरदारी म्हणून मी एकाच गोष्टीचे तीन रिमाइंडर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने लावते. त्याचा काही उपयोग होतो का?

जुना_ट्रान्झिस्टर

एकाच ॲपमध्ये लावलेले तिन्ही एकाच कारणाने अडकतात, म्हणून फारसा होत नाही. शिवाय डोझमध्ये वाजण्याची सवलत असलेल्या गजरांवरही अंतराची मर्यादा आहे. एका ॲपला साधारण ९ मिनिटांतून एकदाच, असा तो मूळ नियम होता. नव्या आवृत्त्यांत तो बराच सैल झाला आहे, पण जुन्या फोनवर पाच मिनिटांनी येणारा दुसरा गजर त्यामुळे मागे सरकू शकतो. दुसरा आधार हवा असेल तर तो दुसऱ्या प्रकारचा असावा, म्हणजे एक आठवण ॲपमध्ये आणि एक सरळ घड्याळात.

सातवा_मजला

शेवटी घड्याळावरच आलात.

जुना_ट्रान्झिस्टर

फोनमधल्याच घड्याळावर आलो, हो. चुकली तर चालणारच नाही अशी गोष्ट मी त्यातच लावतो आणि रात्री लॉक स्क्रीनवर पुढच्या गजराची वेळ दिसते का ते पाहतो. ती दिसणे म्हणजे सिस्टीमने तो गजर घड्याळाच्या गजराच्या प्रकारात नोंदवला आहे. औषधांची काही ॲप्सही हाच प्रकार वापरतात. त्यांचीही वेळ तिथे उमटते, आणि ॲप निवडताना मी हेच आधी पाहतो.

घड्याळाचा आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की सगळ्या ॲप्सच्या गजराच्या नोंदी पुसल्या जातात आणि प्रत्येक ॲपला त्या नव्याने कराव्या लागतात. बहुतेक ॲप्सना ती संधी फोन एकदा अनलॉक केल्यावरच मिळते. रात्री अपडेट होऊन फोन आपोआप पुन्हा सुरू झाला, तर पहाटे तो कुलूपबंद अवस्थेतच असतो आणि साध्या ॲपची आठवण न वाजण्याची शक्यता असते. घड्याळाची चांगली ॲप्स अनलॉक होण्याआधीच आपले गजर लावून घेतात. तेव्हा शेवंतीताई, वडिलांच्या फोनवर अपडेटची वेळ आपोआप रात्रीची ठरत असेल, तर ते बंद करून अपडेट दिवसा करावे.

शेवंती

बंद केले. लॉक स्क्रीनवर मात्र गोळीच्या आठवणीची वेळ उमटत नाही, फक्त घड्याळाच्या गजराची उमटते. म्हणजे हे ॲप दुसऱ्या प्रकारातले. तूर्त ते तसेच ठेवते आणि घड्याळात रोजचा ५:३५ चा गजर "गोळी" असे नाव देऊन लावते.

चांदणवेल

मेमरी साफ करण्याचा पर्याय बंद केल्यापासून बटण ठळक राहिले आहे. पण काल सिस्टीमचे अपडेट आले आणि त्यानंतर आपोआप सुरू होण्याची परवानगी पुन्हा बंद झालेली दिसली. हे कोणाला अनुभवास आले आहे का, की माझ्याच फोनचे काही बिनसले आहे?

कडूनिंब

मलाही आले आहे, पण प्रत्येक अपडेटनंतर नाही. कोणत्या अपडेटला होते आणि कोणत्याला नाही, याचा मला आजवर मेळ लागलेला नाही. मी आता अपडेट झाले की ते पान उघडून पाहतो.